फंडाच्या तपशिलाचे चित्र हरवल्यावर: मासिक गुंतवणुकीची मुदत आणि अपेक्षित परतावा कसा शोधावा

दरमहा ठरावीक रक्कम खात्यातून वजा होत असते, गुंतवणूक सुरू करताना कोणीतरी पाठवलेले फंडाच्या तपशिलाचे एक चित्र आपण जपून ठेवलेले असते, आणि नेमका प्रश्न विचारायच्या वेळी ते चित्र सापडत नाही. मग ‘माझी योजना कधी पूर्ण होईल आणि किती परतावा मिळेल?’ एवढाच प्रश्न हाती उरतो. फंडाचे नाव, पर्याय आणि हप्त्यांची संख्या ठाऊक नसेल, तर जाणकारालाही त्याचे उत्तर देता येत नाही. मात्र चित्र हरवले म्हणजे माहिती हरवली असे होत नाही, कारण चित्र ही नोंदीची फक्त प्रत असते आणि मूळ नोंदी बँकेकडे व फंडाकडे असतात. त्या नोंदींपर्यंत कसे जायचे आणि त्यांतून दोन्ही उत्तरे कशी काढायची, हे या लेखात एका उदाहरणासह मांडले आहे. उदाहरणातील रकमांना मुद्दाम चलन दिलेले नाही, कारण चलन कोणतेही असले तरी गणित तेच राहते.

चित्राच्या शोधासाठी पंधरा मिनिटे पुरेत

फोनमधील छायाचित्रांच्या अॅपमध्ये पुसलेली चित्रे काही दिवस वेगळी ठेवलेली असतात. आयफोनच्या ‘Recently Deleted’ या अल्बममध्ये ती साधारण 30 दिवस राहतात. गूगल फोटोजच्या ‘Trash’ मध्ये बॅकअप झालेली चित्रे 60 दिवस आणि न झालेली 30 दिवस राहतात. चित्र कोणी पाठवले होते हे आठवत असेल, तर त्याच्याकडेच मागावे, कारण पाठवणाऱ्याच्या फोनमधील प्रत आपल्या फोनमधून पुसली जात नाही. ईमेलमध्ये फंडाच्या नावाऐवजी हप्त्याची रक्कम टाकून शोधल्यास अनेकदा पहिल्या हप्त्याची पावती लगेच हाती लागते.

एवढ्यावर चित्र मिळाले नाही, तर त्याचा नाद सोडावा. मिळाले तरी पुढील पायऱ्या चुकवू नयेत, कारण जुन्या चित्रावरील आकडे त्या दिवसाचे असतात आणि आपल्याला आजची स्थिती हवी असते.

बँकेच्या नोंदीपासून सुरुवात

सर्वांत विश्वासार्ह धागा बँकेच्या खातेउताऱ्यात असतो. हप्ता वजा झालेल्या तीन-चार महिन्यांच्या ओळी शेजारी ठेवून पाहाव्यात. प्रत्येक ओळीत वजावटीची तारीख, रक्कम, पैसे स्वीकारणाऱ्या संस्थेचे बहुधा संक्षिप्त नाव आणि एखादा लांबलचक संदर्भ क्रमांक असतो. दर महिन्याला जो क्रमांक बदलतो तो त्या व्यवहाराचा असतो. जो तसाच राहतो तो बहुतेक वेळा स्वयंचलित वजावटीच्या परवानगीचा किंवा आपल्या गुंतवणूक खात्याचा असतो, आणि आपल्याला उपयोगी पडतो तो हाच. तो कागदावर उतरवून घ्यावा.

बँकेच्या अॅपमध्ये स्वयंचलित वजावटींच्या परवानग्यांची यादी असते. तिथे परवानगीची सुरुवात, कमाल रक्कम आणि शेवटची तारीख दिसते. शेवटची तारीख पाहून अनेकांना मुदतपूर्तीचे उत्तर मिळाल्यासारखे वाटते, पण ती तारीख फक्त वजावटीच्या परवानगीची असते. परवानगी तीस वर्षांची आणि योजना दहा वर्षांची असू शकते, किंवा याच्या उलटही असू शकते.

पैसे स्वीकारणारी संस्था समजली की तिच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा अॅपमधून संपूर्ण खातेउतारा मागवावा. त्यासाठी गुंतवणूक करताना दिलेला फोन क्रमांक, ईमेल किंवा करओळख क्रमांक पुरतो. उतारा पहिल्या हप्त्यापासून आजपर्यंतचा मागावा, कारण आपोआप मिळणारा उतारा बहुधा चालू कालखंडापुरताच असतो आणि परताव्याच्या हिशेबाला सगळे हप्ते लागतात. ‘तुमचा फंड शोधून देतो’ असे सांगून ओटीपी मागणारा फोन आला, तर तो तिथेच तोडावा. उतारा देण्यासाठी फंडाचा माणूस फोनवर ओटीपी विचारत नाही.

फंड नेमका कोणता, याची खातरजमा

उताऱ्यावर फंडाचे नाव मिळाले तरी काम संपत नाही. एकाच नावाच्या फंडाचे अनेक पर्याय असतात: थेट घेतलेला आणि वितरकामार्फत घेतलेला, नफा आतच वाढू देणारा आणि नफा वेळोवेळी वाटणारा. चारही पर्यायांत पैसे त्याच रोख्यांत गुंतलेले असतात, पण युनिटचा भाव, म्हणजे एनएव्ही, वेगळा असतो आणि म्हणून परतावाही वेगळा असतो. चुकीच्या पर्यायाचा परतावा वाचून त्यावर अपेक्षा बांधणे ही या सगळ्या प्रकारात मी सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक आहे.

पर्याय ओळखण्याची पहिली खूण म्हणजे आयएसआयएन. हा 12 अक्षर-अंकांचा क्रमांक असतो: पहिली दोन अक्षरे देशाची, पुढील नऊ अक्षरे किंवा अंक त्या रोख्याची, आणि शेवटचा अंक तपासणीचा. प्रत्येक पर्यायाचा आयएसआयएन वेगळा असल्याने नावात गोंधळ झाला तरी क्रमांकात होत नाही. हाताने उतरवताना एखादा अंक चुकला, तर शेवटचा तपासणीचा अंक जुळत नाही, म्हणून असा क्रमांक शोधून काहीच सापडत नसेल तर आधी आपलेच टंकन पाहावे.

उताऱ्यावर आयएसआयएन नसेल, तर दुसरी परीक्षा आपण स्वतः करू शकतो. एका हप्त्याची रक्कम त्या हप्त्यात मिळालेल्या युनिटांनी भागावी. समजा 5,000 च्या हप्त्याला 41.200 युनिट मिळाले. भागाकार 121.36 येतो, म्हणजे त्या दिवशी एनएव्ही 121.36 असायला हवी. फंडाच्या संकेतस्थळावर जुन्या तारखांच्या एनएव्ही असतात. त्या तारखेला कोणत्या पर्यायाची एनएव्ही 121.36 होती, ते पाहावे. एका तारखेवर योगायोगाने आकडा जुळू शकतो, म्हणून निदान तीन हप्त्यांची तपासणी करावी. तिन्ही जुळले तर पर्याय निश्चित झाला. आकडा दर वेळी किंचित आणि त्याच प्रमाणात चुकत असेल, तर युनिट देण्याआधी हप्त्यातून एखादे शुल्क किंवा कर कापला जात आहे, असे समजावे.

‘मुदत’ या शब्दाचे वेगवेगळे अर्थ

मुदतपूर्तीचा प्रश्न अवघड वाटतो, कारण त्या एका शब्दात तीन-चार निरनिराळ्या तारखा दडलेल्या असतात.

आधी आपल्याकडे नेमके काय आहे ते ठरवावे. उताऱ्यावर युनिट आणि एनएव्ही असेल, तर तो फंड आहे. ‘मुदतीअंती मिळणारी रक्कम’ आणि व्याजदर आधीच छापलेला असेल, तर ते आवर्ती ठेवीसारखे खाते आहे आणि तिथे मुदत व रक्कम दोन्ही करारानेच ठरलेली असतात. विमा रक्कम, विमा हप्ता आणि युनिट अशा तिन्ही गोष्टी दिसत असतील, तर ती युनिटशी जोडलेली विमा योजना आहे. तिला पॉलिसीची मुदत असते, आणि हप्त्यातील सगळीच रक्कम गुंतवली जात नाही. विमा योजना निघाली, तर पुढील परताव्याचा हिशेब लागू करण्याआधी किती रक्कम प्रत्यक्ष गुंतते ते तपासून घ्यावे.

फंड असेल, तर तो मुक्त मुदतीचा आहे की बंद मुदतीचा, हे फंडाच्या मासिक माहितीपत्रकावर म्हणजे फॅक्टशीटवर असते. मासिक हप्त्यांची योजना जवळजवळ नेहमीच मुक्त मुदतीच्या फंडात असते, आणि अशा फंडाला मुदतपूर्ती नसतेच. ‘दहा वर्षांची योजना’ याचा अर्थ दहा वर्षे, म्हणजे 120 हप्ते वजा होतील, एवढाच आहे. शेवटच्या हप्त्यानंतर पैसे आपोआप खात्यात येत नाहीत. युनिट तसेच राहतात, भावाबरोबर वरखाली होत राहतात, आणि ते विकण्याची सूचना आपल्यालाच द्यावी लागते. मुदत संपली, पैसे का आले नाहीत, अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या बाबतीत पैसे बुडालेले नसतात. ते फंडातच असतात आणि विक्रीची सूचना दिलेली नसते.

काही फंडांत ठरावीक काळ पैसे काढता येत नाहीत. अशी बंदी प्रत्येक हप्त्याला स्वतंत्रपणे लागू होते, हे लक्षात ठेवावे. बंदी 3 वर्षांची असेल, तर पहिल्या महिन्याच्या हप्त्याचे युनिट 36 महिन्यांनी मोकळे होतात, पण 36 व्या महिन्यात भरलेल्या हप्त्याचे युनिट मोकळे व्हायला आणखी 3 वर्षे लागतात. लवकर विकल्यास लागणारा निर्गमन भारही असाच प्रत्येक हप्त्याच्या वयावरून ठरतो, आणि विक्रीत बहुधा सर्वांत जुने युनिट आधी जातात.

म्हणून कागदावर तीन ओळी लिहाव्यात: शेवटच्या हप्त्याची तारीख, शेवटचा हप्ता मोकळा होण्याची तारीख, आणि पैसे लागण्याची आपली स्वतःची तारीख. आपल्या कामाची मुदत ही तिसरी तारीखच असते, आणि ती कोणत्याही चित्रावर छापलेली नसते.

आतापर्यंतचा खरा परतावा काढणे

अपेक्षित परतावा विचारण्याआधी आजवर किती मिळाला ते काढावे. समजा योजना 120 हप्त्यांची, हप्ता 5,000 चा, आणि बँकेच्या उताऱ्यात आजवर 37 वजावटी दिसतात. नीट पाहिल्यावर असे आढळते की एका महिन्यात रक्कम गेली, दोन दिवसांनी परत आली, आणि आठवड्याने पुन्हा वजा झाली. म्हणजे खरे हप्ते 36 आणि भरलेली रक्कम 1,80,000 होते. फंडाच्या उताऱ्यातही 36 वेळा युनिट दिलेले हवेत. तिथे 35 च असतील, तर परताव्याचा हिशेब बाजूला ठेवून आधी त्या एका हप्त्याचा पाठपुरावा करावा. उताऱ्याप्रमाणे एकूण युनिट 1,450 आणि आजची एनएव्ही 140 आहे, म्हणून आजचे मूल्य 2,03,000 होते.

नफा 23,000, म्हणजे भरलेल्या रकमेच्या 12.8 टक्के. तीन वर्षांत 12.8 टक्के म्हणजे वर्षाला जेमतेम सव्वाचार टक्के, असे म्हणून अनेक जण इथेच निराश होतात. पण हा भागाकार चुकीचा आहे, कारण सगळी रक्कम तीन वर्षे गुंतलेली नव्हती. पहिला हप्ता 36 महिने राहिला, तर शेवटचा फक्त एकच महिना. सरासरी काढली तर प्रत्येक हप्ता सुमारे साडेअठरा महिने, म्हणजे दीड वर्षाहून थोडा अधिक काळ गुंतलेला होता. 12.8 टक्के नफा साधारण दीड वर्षाचा आहे, म्हणून वार्षिक दर आठ टक्क्यांच्या आसपास असणार, एवढा अंदाज तोंडीही बांधता येतो.

नेमका दर स्प्रेडशीट देते. ‘A’ स्तंभात तारखा आणि ‘B’ स्तंभात रकमा लिहाव्यात. भरलेला प्रत्येक हप्ता ऋण चिन्हाने, आणि शेवटच्या ओळीत आजची तारीख व आजचे मूल्य धन चिन्हाने. 36 हप्ते दुसऱ्या ओळीपासून लिहिले, तर शेवटची ओळ 38 वी येते:

```
=XIRR(B2:B38,A2:A38)
```

सर्व हप्ते वेळेवर गेले असतील, तर तारखा न लिहिताही पुढील सूत्र मासिक दर देते, आणि त्याखालचे सूत्र वार्षिक:

```
=RATE(36,-5000,0,203000,1)
=(1+C1)^12-1
```

पहिले सूत्र ‘C1’ या घरात लिहिले आहे, असे इथे धरले आहे. उदाहरणात मासिक दर सुमारे 0.64 टक्के आणि वार्षिक दर सुमारे 8 टक्के येतो. ‘#NUM!’ असे दिसल्यास बहुधा सगळ्या रकमांना एकच चिन्ह दिलेले असते. आपला पर्याय नफा वाटणारा असेल, तर वाटप होऊन खात्यात आलेली प्रत्येक रक्कम तिच्या तारखेसह धन चिन्हाने लिहावी. ती वगळली तर परतावा खऱ्यापेक्षा कमी दिसतो, कारण वाटप झाले की एनएव्ही तेवढीच खाली येते.

योजना सुरू होऊन वर्षही झाले नसेल, तर हा दर वाचूच नये. चार महिन्यांतला दोन टक्क्यांचा चढ सूत्र वर्षभरावर ताणून मोठा करून दाखवते, आणि उताराचेही तसेच होते.

पुढचा परतावा: एक आकडा नव्हे, पट्टा

हरवलेल्या चित्रावर एखादा ठसठशीत टक्केवारीचा आकडा होता असे आठवत असेल, तर तो बहुधा दोनांपैकी एक असतो. एक म्हणजे फंडाचा मागील तीन किंवा पाच वर्षांचा परतावा, जो सहसा एकरकमी गुंतवणुकीचा असतो आणि मासिक हप्त्यांना तसाच लागू होत नाही. दुसरा म्हणजे गणकयंत्रात कोणीतरी धरलेला दर, जो निव्वळ गृहीतक असतो. बाजाराशी जोडलेल्या फंडात दोन्ही आकडे वचन ठरत नाहीत, म्हणून तो आकडा आठवला नाही तरी फारसे बिघडत नाही.

उदाहरणात 84 हप्ते बाकी आहेत. आजचे 2,03,000 आणि पुढचे हप्ते मिळून सात वर्षांनी किती होतील, याचे सूत्र असे:

```
=FV(1.08^(1/12)-1,84,-5000,-203000,1)
```

इथे वार्षिक 8 टक्के धरले आहेत. ‘1.08’ च्या जागी ‘1.04’ किंवा ‘1.12’ घातले की दुसरे दर तपासता येतात. 4 टक्क्यांनी सुमारे 7.51 लाख, 8 टक्क्यांनी 9.06 लाख आणि 12 टक्क्यांनी 10.93 लाख येतात. पुढे काहीच वाढ झाली नाही, तर 6.23 लाख. एकूण भरलेली रक्कम 6 लाख असेल. उत्तर म्हणून हा संपूर्ण पट्टा लिहावा आणि घराचे नियोजन खालच्या निम्म्यावर करावे, असे माझे मत आहे. कोणते तीन दर धरायचे, हे मात्र फंडाच्या प्रकारावरून ठरवावे. कर्जरोख्यांच्या फंडाला 12 टक्के धरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक आहे, आणि समभागांच्या फंडात तोट्याचाही एक दर तपासावा.

फंडाचा वार्षिक खर्च या दरातून पुन्हा वजा करू नये, कारण एनएव्ही तो खर्च काढूनच जाहीर होते. निर्गमन भार आणि कर मात्र एनएव्हीत धरलेले नसतात, ते शेवटच्या रकमेतून वेगळे काढावे लागतात.

मासिक योजनेत जोखीम शेवटाकडे वाढत जाते, ही गोष्ट सरासरी दरात दिसत नाही. वरच्या उदाहरणात 9.06 लाख जमले असताना बाजार 20 टक्के खाली आला, तर सुमारे 1.81 लाख जातात. ते 36 हप्त्यांइतके आहेत, म्हणजे पहिल्या तीन वर्षांत जेवढे भरले तेवढे एका उतारात गेले. तोच 20 टक्क्यांचा उतार पहिल्या वर्षात आला असता, तर त्याने काही हजारच नेले असते. म्हणून पैसे लागण्याची तारीख पक्की असेल, तर शेवटच्या दोन-तीन वर्षांत समभागांतून थोडी थोडी रक्कम स्थिर पर्यायात हलवावी. मग अपेक्षित परताव्याचा दरही थोडा खाली धरावा लागतो.

प्रश्न चित्राशिवाय विचारताना

एवढे झाल्यावर बहुतेक उत्तरे आपल्याच हाती असतात. तरीही सल्लागाराला किंवा फंडाच्या सेवाकेंद्राला विचारायचे असेल, तर चित्र जोडण्याऐवजी मजकूर लिहावा. चित्रात खाते क्रमांक आणि फोन क्रमांक नकळत दिसतात, आणि चित्र पुन्हा हरवले तर प्रश्न अर्धवट राहतो. मजकूर असा असावा:

‘फंडाचे पूर्ण नाव आणि पर्याय, आयएसआयएन, हप्ता 5,000, दर महिन्याच्या 5 तारखेला, एकूण 120 पैकी 36 हप्ते जमा, युनिट 1,450, एनएव्ही 140, तिच्या तारखेसह, आजवरचा वार्षिक परतावा सुमारे 8 टक्के, पैसे सात वर्षांनी लागणार. विचारायचे ते दोन मुद्दे: शेवटचा हप्ता निर्गमन भाराशिवाय कोणत्या तारखेला विकता येईल, आणि या प्रकारच्या फंडासाठी 4 ते 12 टक्क्यांचा पट्टा धरणे योग्य आहे का?’

खाते क्रमांक, करओळख क्रमांक आणि जन्मतारीख यांची या प्रश्नांना गरज नसते. सेवाकेंद्राला खाते उघडून पाहावे लागले, तर ते क्रमांक त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरच द्यावेत. हाच मजकूर स्वतःला ईमेलने पाठवून ठेवला, तर पुढच्या वर्षी फक्त हप्त्यांची संख्या, युनिट आणि एनएव्ही हे तीन आकडे बदलावे लागतात.